पेन्सिल कुणाच्या हातात? आठवीच्या गणितातल्या सहाध्यायी शिकवणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका शाळेतल्या आठवीच्या दोन तुकड्यांचं आहे. मुलं एकूण ७८. गणित शिकवायला मी आणि माझे एक सहकारी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत आणि मुलांची नावं कुठेच घेतलेली नाहीत.

एका चलातील समीकरणांचा धडा संपल्यावर आम्ही दहा गुणांची चाचणी घेतली. २३ मुलांना चारपेक्षा कमी गुण पडले. दरवर्षीप्रमाणे शाळा सुटल्यावर जादा तास सुरू केला. एका शिक्षकासमोर तेवीस मुलं आणि प्रत्येकाचं घोडं वेगळ्या ठिकाणी अडलेलं. कुणाला कंस सोडवता येत नव्हता, कुणाला ऋण संख्यांची बेरीज जमत नव्हती, तर कुणाला उदाहरणात काय विचारलंय हेच कळत नव्हतं. मी एकाजवळ चार मिनिटं बसले की बाकीचे बावीस जण वाट बघत राहायचे. तिसऱ्या आठवड्यात हजेरी निम्म्यावर आली.

त्याआधीच्या वर्षी आम्ही एक सोपा उपाय करून पाहिला होता. ज्याला येतं त्याच्या शेजारी ज्याला येत नाही त्याला बसवायचं आणि ‘त्याला मदत कर’ एवढंच सांगायचं. दोन महिन्यांत गृहपाठाच्या वह्या सुधारल्या, चाचणीचे गुण मात्र जागच्या जागी राहिले. नंतर त्या वह्या नीट पाहिल्या तेव्हा कारण दिसलं. शेजारशेजारच्या दोन वह्यांत त्याच पायऱ्या त्याच क्रमाने होत्या. दुसऱ्या वहीत खाडाखोड नव्हती आणि मागच्या पानावर कच्चं कामही नव्हतं. स्वतः धडपडत सोडवलेलं समीकरण इतकं स्वच्छ क्वचितच असतं. मदतीच्या नावाखाली उत्तरं या वहीतून त्या वहीत जात होती.

अडचण नेमकी कोणती होती

पहिल्यांदा आम्ही प्रश्न असा मांडला होता: ‘मागे पडलेल्या मुलांना जास्त वेळ कसा द्यायचा?’ वह्या पाहिल्यावर तो बदलला. एखादं मूल दुसऱ्याला मदत करतं तेव्हा त्या चार मिनिटांत प्रत्यक्ष काय घडतं, हे आम्हाला समजून घ्यायचं होतं.

यावर बरंच संशोधन झालेलं आहे. नोरीन वेब यांनी गटात गणित सोडवणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. त्यांना असं आढळलं की जे मूल दुसऱ्याला सविस्तर समजावतं त्याचं शिकणं वाढतं, पण ज्याला केवळ उत्तर मिळतं त्याला फायदा होत नाही, उलट तोटाही होऊ शकतो. आमच्या वह्यांत हेच दिसत होतं. पीटर कोहेन, जेम्स कुलिक आणि चेन-लिन कुलिक या संशोधकांनी १९८२ मध्ये मुलांनी मुलांना शिकवण्याच्या ६५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात शिकणाऱ्यांबरोबर शिकवणाऱ्या मुलांनाही फायदा झालेला दिसतो. आखीव कार्यक्रमांत परिणाम जास्त होता आणि वाचनापेक्षा गणितात अधिक होता. म्हणजे कल्पना चांगली होती. आम्ही ती आखणीशिवाय राबवली होती.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मात्र मूळ कल्पनेवरच बोट ठेवलं. ‘मुलांना फुकटचे शिक्षक करताय,’ असं ते म्हणाले. हा आक्षेप आम्ही उडवून लावला नाही, कारण त्याला इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथाश्रमात थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची पद्धत सुरू केली, १७९७ मध्ये तिच्याविषयी लिहिलं आणि लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी तशीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवली. एका शिक्षकात शेकडो मुलं सांभाळता येतात, म्हणजे खर्च वाचतो, हे तिचं मोठं आकर्षण होतं. त्या वाटेने जायचं नाही असं आम्ही बैठकीत लिहूनच ठेवलं. मुलाने मुलाला शिकवलं तरी शिकवण्याची जबाबदारी शिक्षकाचीच राहील. मदत करणाऱ्या मुलाचं स्वतःचं शिकणं थांबत असेल तर त्याचं काम लगेच थांबवायचं.

पर्याय

चार वाटा समोर होत्या. पहिली, जादा तास तसाच ठेवून त्याचे दोन गट करायचे. त्यासाठी आणखी एक शिक्षक लागला असता आणि तो मिळणार नव्हता. दुसरी, दहावीच्या मुलांनी आठवीला शिकवायचं. वयातलं अंतर असल्याने कमीपणाची भावना कमी राहते हा तिचा मोठा गुण आहे, पण दोन्ही इयत्तांचे तास जुळत नव्हते. शाळा सुटल्यावर दहावीची मुलं अडकून पडणंही आम्हाला नको होतं.

तिसऱ्या वाटेवर आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. संपूर्ण वर्गाच्या जोड्या करायच्या आणि अर्ध्या वेळाने भूमिका बदलायच्या, म्हणजे प्रत्येक जण शिकवतोही आणि शिकतोही. त्यात कुणावर ‘कच्चा’ असा शिक्का बसत नाही. पाढे, शब्दार्थ, सूत्रं अशा उत्तर पडताळता येणाऱ्या सरावासाठी ही पद्धत फार चांगली आहे. पण आमची अडचण चुकीच्या समजुतींची होती. ऋण चिन्हाबद्दल दोघांचाही समज सारखाच चुकीचा असेल तर भूमिका बदलूनही तो दुरुस्त होणार नाही, दोघांच्या डोक्यात तो पक्काच होईल.

म्हणून चौथी वाट घेतली. त्याच इयत्तेतले, त्या धड्यावर पकड असलेले काही विद्यार्थी मदतनीस करायचे आणि आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, २५ मिनिटं शाळेच्या वेळेतच त्यांना एकेका जोडीदाराबरोबर बसवायचं. त्यासाठी ग्रंथालय-वाचनाचे दोन तास निम्मे घेतले. खेळाच्या तासाला हात लावायचा नाही हे पहिल्याच बैठकीत ठरलं. तो तास बुडाला असता तर ही शिकवणी मुलांना पहिल्या दिवसापासून शिक्षा वाटली असती.

मदतनीस निवडताना

पहिले बारा क्रमांक घेऊन मोकळं होणं सोपं होतं आणि पालकांचीही अपेक्षा तीच होती. आम्ही सोळा इच्छुक मुलांना आधी एक छोटं काम दिलं. फळ्यावर एक चुकीचं सोडवलेलं समीकरण होतं. ते ज्याने सोडवलं त्या मुलाला उत्तर न सांगता तीन प्रश्न विचारायचे होते. वर्गात पहिली येणारी मुलगी पहिल्याच प्रश्नात म्हणाली, ‘तू इथे अधिक सहा का नाही लिहिलंस?’ म्हणजे प्रश्नातच उत्तर होतं. तिला आणखी दोनदा संधी दिली, दोन्ही वेळा तेच झालं. याउलट चाचणीत दहापैकी सात गुण मिळवलेल्या एका मुलीने विचारलं, ‘कंसाच्या बाहेर जे आहे त्याने आत कुणाकुणाला गुणायचं?’ सहा महिन्यांपूर्वी तिची स्वतःची गाडी याच ठिकाणी अडायची. ज्याला एखादी गोष्ट कायमच सहज जमत आली आहे त्याला ती न जमण्याची जागा दिसत नाही. जो नुकताच त्यातून बाहेर आला आहे त्याला ती लख्ख आठवते.

सोळांतून बारा निवडले. सगळ्यात जास्त गुण मिळवणारी दोघं त्यात नव्हती. त्यांपैकी एकाच्या पालकांना वाईट वाटलं आणि ते भेटायला आले. निवड कशावर होणार हे आम्ही आधी जाहीर केलं नव्हतं, त्यामुळे मुलाला नाकारलं गेल्यासारखं वाटलं. ती चूक आमचीच होती. प्रत्येक मदतनिसाच्या पालकांची लेखी संमती घेतली आणि मुलांना सांगितलं की कारण न देता कधीही थांबता येईल.

शिकणाऱ्या मुलांशी मी एकेकट्याने बोलले. वर्गात नावं वाचून दाखवली नाहीत. तेवीसपैकी बारा जण यायला तयार झाले. उरलेले अकरा माझ्या सहकाऱ्यांच्या जादा तासात राहिले. तो गट आता निम्म्याने लहान झाला, हा आम्ही न ठरवता मिळालेला लाभ. जोड्या लावताना जिवलग मित्र आणि जुने भांडण असलेले दोघे टाळले. दोघांच्या पातळीतलं अंतर फार मोठं नसेल असं पाहिलं. एकमेकांचे गुण कुणालाही सांगितले नाहीत.

प्रशिक्षण

सुरुवातीला ५० मिनिटांची तीन सत्रं झाली आणि नंतर दर शुक्रवारी पंधरा मिनिटं बसायचं ठरलं.

पहिल्या सत्रात एकच नियम शिकवला: पेन्सिल शिकणाऱ्याच्या हातात राहील. मदतनिसाने वहीवर काहीही लिहायचं नाही. बोट ठेवायचं असेल तर ओळीवर ठेवायचं, उत्तरावर नाही. या नियमाला जोडून थांबायला शिकवलं. मेरी बड रो यांनी शिक्षकांच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. आम्ही मुलांना मनात पाच आकडे मोजायला लावले. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी ही शांतता किती लांब असते ते मी त्या दिवशी पाहिलं. एका मुलाने तर चक्क ओठ दाबून धरले होते.

दुसऱ्या सत्रात मदतीच्या पायऱ्या शिकवल्या. आधी उदाहरण मोठ्याने वाचायला लावायचं आणि काय शोधायचंय ते विचारायचं. मग ‘कुठपर्यंत तुला खात्री आहे?’ असं विचारायचं. तरी अडलं तर जिथे चूक आहे ती ओळ दाखवायची, पण चूक सांगायची नाही. त्यानेही जमलं नाही तर तशाच प्रकारचं सोपं उदाहरण घ्यायचं. शेवटी एक पायरी तोंडाने सांगायची आणि पुढची पायरी जोडीदाराने करायची. एवढं करूनही अडलंच, तर उदाहरणाभोवती वर्तुळ काढून ते शिक्षकांकडे द्यायचं. हे वर्तुळ म्हणजे हार नव्हे, आम्हाला मिळालेली बातमी आहे, हे मुलांना वारंवार सांगावं लागलं.

याचा उपयोग कसा होतो ते एका उदाहरणावरून लक्षात येईल. 5 − 3(x − 2) = 20 हे समीकरण सराव म्हणून दिलं होतं. दोन मुलांची उत्तरं चुकली, पण वेगवेगळ्या कारणांनी. एकाने x = −7 काढलं. त्याने कंस सोडवताना −3 ने फक्त x ला नीट गुणलं आणि दुसऱ्या पदाचं चिन्ह वजाच ठेवलं: 5 − 3x − 6 = 20. दुसऱ्याने x = 12 काढलं. त्याने आधी 5 मधून 3 वजा केले आणि 2(x − 2) = 20 असं लिहिलं. पहिल्याला ऋण चिन्हाचा गुणाकार कळलेला नाही, दुसऱ्याला क्रियांचा क्रम. दोघांनाही ‘उत्तर वजा तीन येतं’ असं सांगितलं असतं तर दोघांनीही मान हलवली असती आणि दोन्ही चुका जशाच्या तशा राहिल्या असत्या.

म्हणून पहिली सवय ताळा करण्याची लावली. x = −7 मूळ समीकरणात ठेवल्यावर डावी बाजू 32 येते, 20 नाही. काहीतरी चुकलंय हे आता मदतनीस सांगत नाही, समीकरणच सांगतं. त्यामुळे दोघा मुलांतला ‘तू चुकलास’ हा सूर निघून जातो. नंतर त्या सात गुणवाल्या मुलीचा, हीच चूक केलेल्या जोडीदारणीबरोबरचा संवाद मी टिपून ठेवला:

‘इथपर्यंत खात्री आहे ना? मग ही दुसरी ओळ वाच.’

‘पाच वजा तीन एक्स वजा सहा.’

‘सहा कुठून आले?’

‘तीन दुणे सहा.’

‘तीन की वजा तीन?’

पुढे तिने काही विचारलं नाही. बराच वेळ दोघी गप्प होत्या. मग जोडीदारणीने स्वतःच वजाचं अधिक केलं आणि खालच्या सगळ्या ओळी खोडल्या. x = −3 आलं, ताळा जुळला. ‘तीन की वजा तीन?’ हा प्रश्नही उत्तराच्या बराच जवळ जातो असं माझं मत आहे, पण लिहिणारा हात शिकणारीचाच होता.

तिसऱ्या सत्रात मदतनिसाचं काम कुठे संपतं ते सांगितलं. गुण द्यायचे नाहीत, रागवायचं नाही, गृहपाठ करून द्यायचा नाही, जोडीदाराच्या चुका वर्गात कुणाला सांगायच्या नाहीत.

सुरक्षेसाठी काय ठरवलं होतं

सगळ्या जोड्या एकाच खोलीत बसतील, दार उघडं राहील, आम्हा दोघांपैकी एक जण पूर्ण वेळ तिथेच असेल. शिकवणीसाठी एकमेकांच्या घरी जायचं नाही आणि फोनवर निरोप पाठवायचे नाहीत. भेटवस्तू किंवा पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. नोंदवहीत फक्त कोणतं उदाहरण घेतलं आणि कुठे अडलं एवढंच लिहायचं, माणसाबद्दल काही लिहायचं नाही. दर शुक्रवारी दोघांनीही वेगवेगळ्या चिठ्ठीवर ‘जोडी बदलायची आहे का?’ याचं उत्तर देऊन ती पेटीत टाकायची. सगळ्यांनीच चिठ्ठी टाकायची असल्याने बदल कुणी मागितला ते उघड होत नव्हतं. आठ आठवड्यांत दोन जोड्या अशा बदलल्या आणि कुणाचीही चर्चा झाली नाही.

फोनचा नियम काही मुलांना जाचक वाटला. पण दुसऱ्याच आठवड्यात एका मदतनिसाच्या आईने सांगितलं की रात्री साडेदहाला वहीच्या पानाचा फोटो येतो आणि खाली ‘पटकन सांग’ असं लिहिलेलं असतं. आमचा नियम होता, पण तो आम्ही फक्त मदतनिसांना सांगितला होता, जोडीदारांना नाही. त्या आठवड्यात सगळ्यांना एकत्र बसवून पुन्हा सांगितलं.

तिसरा आठवडा: पेन्सिल सरकली

तिसऱ्या आठवड्यात मी प्रत्येक जोडीजवळ थोडा वेळ उभी राहिले आणि एकच गोष्ट टिपली: लिहितंय कोण? बारांपैकी सात जोड्यांत मदतनीस लिहीत होता. पहिल्या आठवड्यात असं एकाच जोडीत दिसलं होतं. माझी पहिली प्रतिक्रिया मुलांवर चिडण्याची होती. सहकाऱ्यांनी मला थांबवलं आणि सरावपत्रिका दाखवली. तिच्यावर आठ उदाहरणं होती. २५ मिनिटांत आठ उदाहरणं संपवायची तर पाच आकडे मोजत थांबणं कुणाला परवडेल? पत्रिका ‘संपव’ म्हणत होती आणि आम्ही ‘थांब’ म्हणत होतो. मुलांनी पत्रिकेचं ऐकलं.

पुढच्या वेळेपासून पत्रिकेवर तीनच उदाहरणं ठेवली. तिसऱ्याखाली रिकामी जागा सोडून लिहिलं: ‘ही पायरी का केली ते मदतनिसाला समजावून सांग.’ शेवटची पाच मिनिटं शिकणारा बोलायचा आणि मदतनीस ऐकायचा. आम्ही सोडून दिलेल्या तिसऱ्या पर्यायातली भूमिका-बदलाची कल्पना अशी मागच्या दाराने आत आली. आठवड्याभरात मदतनीस लिहितोय असं दोनच जोड्यांत दिसलं.

पाचवा आठवडा: नऊ दिवस सांभाळलेलं गुपित

हा भाग लिहिणं मला जड जातंय, पण तो लिहिल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी एका मदतनीस मुलीची आई शाळेत आली. मुलगी नीट झोपत नव्हती आणि अभ्यासात लक्ष नव्हतं. आदल्या रात्री ती रडत आईशी बोलली होती. तिच्या जोडीदारणीने नऊ दिवसांपूर्वी, उदाहरण सोडवता सोडवता, आपल्याला कुणाची तरी भीती वाटते आणि ती का वाटते, ते हळूच सांगितलं होतं. तपशील इथे देत नाही. ती गोष्ट मोठ्यांपर्यंत त्याच दिवशी पोचायला हवी होती एवढं सांगणं पुरेसं आहे.

मी तिला विचारलं, ‘मला का नाही सांगितलंस गं?’ ती म्हणाली, ‘बाई, तुम्हीच सांगितलं होतं ना, जोडीतली गोष्ट जोडीतच ठेवायची.’

हे वाक्य माझंच होतं. तिसऱ्या सत्रात मी ते फळ्यावर लिहिलं होतं. त्यामागे हेतू होता की कुणाच्या चुकांची वर्गात टिंगल होऊ नये. पण ज्या मुलीने नियम मनापासून पाळला तिने तो शब्दशः पाळला. आम्ही जागेची, दाराची, फोनची आणि पैशांची काळजी घेतली होती. दोन मुलं नेमाने शेजारी बसली की त्यांच्यात विश्वास निर्माण होतो आणि विश्वास निर्माण झाला की गणिताबाहेरच्या गोष्टीही बोलल्या जातात, हे आम्ही गृहीतच धरलं नव्हतं. खरं तर ही शिकवणी चांगली चालली तर असं घडण्याची शक्यता वाढतेच.

त्या दिवशी मुख्याध्यापक आणि शाळेच्या समुपदेशक यांच्याशी बोलून पुढचं ठरवलं. जोडीदारणीला मी प्रश्नांचा भडिमार केला नाही, तो माझ्या कामाचा भाग नव्हता. आता कोण बोलणार आहे आणि कुणाकुणाला कळणार आहे ते तिला आधी सांगितलं. पुढची प्रक्रिया ज्यांची जबाबदारी होती त्यांनी हाताळली. मदतनीस मुलीला समुपदेशकांनी वेगळा वेळ दिला. तिला दोन गोष्टींचा बोजा वाटत होता: नऊ दिवस गप्प राहिल्याचा आणि शेवटी वचन मोडल्याचा. आम्ही तिला स्पष्ट सांगितलं की नियम चुकीचा लिहिला गेला होता आणि तो मी लिहिला होता.

त्यानंतर इथेच सगळं बंद करायचं का, यावर आम्ही दोन तास बोललो. थांबवलं तर त्या मुलीच्या बोलण्यामुळे थांबलं असं दोघींना वाटलं असतं, आणि पुढच्या वेळी कुणी बोललं नसतं. चालू ठेवलं तर तोच धोका उरतो. शेवटी एक आठवडा सुट्टी घेतली, सगळ्या मदतनिसांचं पुन्हा एक सत्र घेतलं आणि नियम नव्याने लिहिला:

‘जोडीदाराच्या गणितातल्या चुका कुणालाही सांगायच्या नाहीत. भीती, मार, इजा किंवा धोका यांबद्दल काही ऐकलं तर ते त्याच दिवशी बाईंना किंवा सरांना सांगायचं. गुपित ठेवण्याचं वचन द्यायचं नाही.’

नियम वाचून दाखवणं पुरेसं नव्हतं. त्या क्षणी तोंडातून काय निघायला हवं याचाही सराव हवा होता. म्हणून प्रत्येक मदतनिसाकडून एक वाक्य मोठ्याने म्हणवून घेतलं: ‘हे मी गुपित ठेवू शकणार नाही, पण तुला सांगायला जड जात असेल तर मी तुझ्याबरोबर येते.’ मुलग्यांनी ‘येतो’ म्हटलं. मी भीती सांगणारं मूल झाले आणि बाराही जणांनी आळीपाळीने ते मला सांगितलं. काहींचा आवाज बारीक झाला. दोघांनी मला लगेच विचारलं, ‘पण मग ती आपल्याशी पुन्हा बोलणार नाही, त्याचं काय?’ मी सांगितलं की असं होऊ शकतं, तरीही सांगायचं. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही.

निष्पत्ती

आठव्या आठवड्यानंतर त्याच धड्यावर, आकडे बदलून, दहा गुणांची चाचणी घेतली. बारा जोडीदारांपैकी नऊ जणांना सहा किंवा जास्त गुण मिळाले. दोघं थोडे पुढे सरकले. एकाचे गुण जराही बदलले नाहीत. त्याची नोंदवही उलगडून पाहिली तर पहिल्या आठवड्यापासून जवळजवळ प्रत्येक उदाहरणाभोवती वर्तुळ होतं. त्याची अडचण समीकरणांची नव्हतीच, पूर्णांकांची बेरीज-वजाबाकीच कच्ची होती. मदतनीस आम्हाला दर आठवड्याला ते कळवत होता आणि आम्ही वर्तुळं मोजत नव्हतो. हा मुलगा सुरुवातीपासून शिक्षकाकडे असायला हवा होता.

हा सगळा परिणाम शिकवणीचाच, असं मी म्हणणार नाही. सहकाऱ्यांच्या छोट्या झालेल्या गटातल्या अकरांपैकी सहा जणही सहाच्या वर गेले. शिवाय त्या काळात वर्गात उजळणीही झाली. मदतनिसांच्या बाबतीत मात्र एक बदल मला ठळक दिसला. ‘पायरीचं कारण लिहा’ या प्रश्नाला आधी त्यांची उत्तरं ‘नियम आहे म्हणून’ अशी असायची. शेवटी त्यांतले बरेच जण ‘दोन्ही बाजूंना सारखीच संख्या मिळवली म्हणून तोल बिघडत नाही’ असं लिहू लागले. एक मदतनीस सहाव्या आठवड्यात थांबला. कारण विचारायचं नाही हे ठरलेलं होतं, म्हणून विचारलं नाही. त्याच्या जोडीदाराला मी स्वतः घेतलं.

पुन्हा करताना काय बदलू

निवडीची कसोटी आधी जाहीर करू आणि ज्यांना नाही म्हटलं त्यांना पुढच्या धड्यासाठी पुन्हा यायला सांगू. सरावपत्रिका पहिल्या दिवसापासून तीनच उदाहरणांची असेल. तीन वर्तुळं जमली की ते मूल शिक्षकाकडे येईल, आठ आठवडे वाट बघणार नाही. गुपिताबद्दलचं वाक्य पहिल्याच सत्रात मोठ्याने म्हणवून घेऊ, आणि शिकणाऱ्या मुलांनाही ते आधी माहीत असेल. त्यांना हे माहीत असणं तितकंच न्याय्य आहे, कारण आपण सांगितलेलं पुढे जाणार आहे हे समजूनच त्यांनी बोलायचं की नाही ते ठरवावं.

सगळ्यात मोठी उणीव मला उशिरा कळली. आम्ही फक्त मदतनिसांना शिकवलं, शिकणाऱ्यांना नाही. मदत कशी मागायची हेही शिकवावं लागतं. अनेक मुलं ‘समजलं का?’ या प्रश्नाला भिडेपोटी ‘हो’ म्हणत होती. शेवटच्या आठवड्यात एका मुलाला मी विचारलं की तू कधी ‘नाही समजलं’ असं म्हणालास का. तो म्हणाला, ‘ती इतकं छान सांगते, मग तिला वाईट वाटेल ना.’ आता पुढच्या फेरीत ‘समजलं का?’ हा प्रश्नच कुणी विचारणार नाही. त्याऐवजी मदतनीस म्हणेल, ‘आता हे तू मला सांग.’ आणि शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी एक वाक्य देऊ: ‘इथपर्यंत कळलं, इथून पुढे नाही.’ या दोन वाक्यांसाठी पहिल्या सत्राची दहा मिनिटं राखून ठेवली आहेत.

त्या मदतनीस मुलीला पुढच्या फेरीत यायचं का, असं विचारलं. ती म्हणाली की येईन, पण नव्या मुलांना ते वाक्य मी शिकवणार. समुपदेशकांशी आणि तिच्या आईशी बोलून आम्ही तिला हो म्हटलं आहे. त्या सत्रात मी खोलीत असेन. स्वतःवर काय गुजरलं ते तिने तिथे कुणालाही सांगायची गरज नाही, हेही तिला सांगून ठेवलं आहे.